सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएटचा सशुल्क सराव-संच: काही महिन्यांच्या वापरानंतर

AWS च्या SAA-C03 परीक्षेसाठी घेतलेल्या सराव-संचाची मुदत संपत आली आहे आणि रिन्यूअलचे मेल रोज येतायत, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. परीक्षेचा साचा तुम्हाला माहीत आहेच: 65 प्रश्न, 130 मिनिटं, पास व्हायला 720.

माझी तक्रार एकच आहे, पण ती मला अजून खुपते. बरोबर पर्यायाचं स्पष्टीकरण चांगलं परिच्छेदभर देतात आणि बाकीच्या तीन पर्यायांपुढे फक्त ‘हा पर्याय योग्य नाही’. अहो, या परीक्षेतला प्रश्न अवघड होतो तोच त्या तिघांमुळे! ते का बाद होतात हे सांगायचं नसेल तर पैसे कशाचे घेता? सपोर्टला सविस्तर लिहिलं. उत्तरात डॉक्युमेंटेशनची लिंक आली. ती तर फुकटच आहे.

पहिले काही आठवडे माझं मत ‘पैसे पाण्यात’ असंच होतं. मग ती रिकामी जागा मीच वहीत भरायला लागलो, प्रत्येक बाद पर्यायापुढे एक कारण, आणि मत बदललं. कारणं दोनच प्रकारची निघतात. एक, हे होऊच शकत नाही किंवा प्रश्नातली अट मोडतं. दोन, हे चालतं, पण मागितलेल्या निकषावर मागे पडतं. चाळणी याच क्रमाने लावायची. आधी प्रश्नाचं शेवटचं वाक्य वाचून निकष पकडायचा (MOST cost-effective की LEAST operational overhead), मग वरची गोष्ट वाचत अटी टिपायच्या.

उदाहरण घ्या. प्रायव्हेट सबनेटमधल्या ईसी2 सर्व्हरना त्याच रीजनमधल्या एस3 बकेटमधून रोज भरपूर डेटा वाचायचाय. सर्व्हरना इंटरनेटची वाट द्यायची नाही. सर्वांत स्वस्त उपाय कोणता? पर्याय चार: नॅट गेटवे, एस3 चा गेटवे एंडपॉइंट, एस3 चा इंटरफेस एंडपॉइंट, आणि सबनेटच्या राउट टेबलमध्ये इंटरनेट गेटवेचा राउट.

इंटरनेट गेटवेचा राउट दिला की सबनेट प्रायव्हेट राहतच नाही, तो गेला. नॅट गेटवेतून सर्व्हरना बाहेरच्या इंटरनेटची वाट मिळते, म्हणजे अट मोडली, तोही गेला. उरलेले दोन्ही एंडपॉइंट काम करतात. इथे बहुतेक जण पुन्हा अख्खा प्रश्न वाचतात आणि दोन मिनिटं घालवतात. त्याची गरज नाही, दोघांत फरक काय तेवढंच बघा. इंटरफेस एंडपॉइंटला तासाचं भाडं आणि जीबीमागे आकार लागतो. गेटवे एंडपॉइंटला वेगळा आकार नाही, राउट टेबलमध्ये नोंद झाली की झालं. निकष स्वस्ताईचा, म्हणून गेटवे.

आता याच प्रश्नात एक वाक्य घाला: कंपनीच्या स्वतःच्या डेटा सेंटरमधल्या सर्व्हरनाही डायरेक्ट कनेक्टवरून याच एंडपॉइंटमधून ती बकेट वाचायची आहे. उत्तर उलटं होतं. गेटवे एंडपॉइंट व्हीपीसीच्या बाहेरून येणाऱ्यांना वापरता येत नाही, त्यामुळे तो पहिल्याच चाळणीत जातो आणि महागडा इंटरफेस एंडपॉइंट बरोबर ठरतो. म्हणूनच ‘एस3 आणि प्रायव्हेट सबनेट दिसलं की गेटवे’ असं पाठांतर घात करतं. स्वस्ताई दुसऱ्या चाळणीत येते, पहिलीत नाही.

पहिल्या चाळणीत सर्वांत पटकन सापडतात ते मुळात नसलेल्या सोयीचे पर्याय. एका आयपीवरून हल्ला होतोय, थांबवा, असा प्रश्न आला आणि पर्यायात ‘सिक्युरिटी ग्रुपमध्ये डिनाय रूल घाला’ दिसलं तर पुढे वाचूच नका. सिक्युरिटी ग्रुपला फक्त अलाऊ कळतं. डिनाय नेटवर्क एसीएलमध्ये असतो. वाक्य मात्र इतकं सहज लिहिलेलं असतं की घाईत पटून जातं.

पद्धतीची मर्यादा अशी, की सेवेची माहितीच नसेल तर चाळणी लावायला हातात काही नसतं. तेव्हा खात्रीने बाद होणारे बाद करून उरलेल्यांतलं एक निवडा आणि पुढे जा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, रिकामं सोडलेलं मात्र चूकच धरतात. इंग्रजी मातृभाषा नसणाऱ्यांना 30 मिनिटं जास्त मिळतात, पण ती परीक्षा बुक करण्याआधी मागावी लागतात. लांबलचक प्रश्न दोनदा वाचायला ती फार उपयोगी पडतात, जरूर मागा.

संच मी रिन्यू करणार नाही. काही प्रश्न शिळे आहेत. एस3 मध्ये डिसेंबर 2020 पासून लिहिल्याबरोबर ताजा डेटा वाचता येतो, तरी यांचा एक प्रश्न अजून जुन्या ‘इव्हेंच्युअल कन्सिस्टन्सी’वरच उभा आहे. कळवलं, बदललेला नाही. कुठलाही संच घेण्याआधी फुकटचे नमुना प्रश्न उघडा आणि बाद पर्यायांची कारणं दिलीत का बघा. नसतील तर पूर्ण किंमत देऊ नका, सेल लागेपर्यंत थांबा.