आठ महिने वेटिंगच्या तिकिटांवर: दादर–कुडाळचा अनुभव

गेल्या आठ महिन्यांत दादर–कुडाळची बरीच तिकिटं ऑनलाइन काढली, त्यातली बहुतेक वेटिंगची. सुरुवातीला मी फक्त आकडा बघायचो आणि तिथेच चुकायचो. तिकीट काढताना `PQWL34/WL9` असं दिसतं. त्यात 34 म्हणजे आतापर्यंत वाटलेले वेटिंगचे नंबर, आणि खरी रांग मागच्या 9 ची. बाकीचे कन्फर्म झाले किंवा रद्द करून गेले.

आकड्यापेक्षाही आधीची अक्षरं बघावीत. `GNWL` हा मुख्य कोटा, गाडी सुटते तिथून शेवटपर्यंत जाणाऱ्यांचा, म्हणून तो भराभर सरकतो. कुडाळसारख्या मधल्या स्टेशनांना बहुतेक वेळा `PQWL` मिळतं. त्यात अनेक स्टेशनं मिळून मोजक्याच बर्थ असतात. म्हणून माझा हिशेब असा: `GNWL` 40 असलं तरी थांबतो, `PQWL` 15 असलं की दुसरी गाडी बघतो.

चार्ट पूर्वी गाडीच्या चार तास आधी लागायचा. जुलै 2025 पासून तो आठ तासांवर आला, पुढे त्याहूनही आधी लागू लागला. ही सोय मला मनापासून आवडली, बॅगा भरण्याआधीच निकाल कळतो. चार्ट लागल्यावरही सगळेच वेटिंगमध्ये राहिले तर ई-तिकीट आपोआप रद्द होतं आणि पैसे परत येतात. त्यासाठी काहीच करावं लागत नाही.

खरी गंमत अर्धवट तिकिटाची. आम्ही चौघे, स्लीपर, एकच PNR. चार्ट लागला तेव्हा मी आणि बायको `CNF`, आई-बाबा `PQWL` 3 आणि 4. असं तिकीट आपोआप रद्द होत नाही. चौघांचीही नावं चार्टवर राहतात, बर्थ मात्र दोनच. आई म्हणाली, "तुम्ही दोघं जा, आम्ही पुढच्या आठवड्यात येतो." पण बाबांच्या गुडघ्यांकडे बघून सगळ्यांनीच थांबायचं ठरवलं.

मला वाटलं, आमच्या दोन कन्फर्म सीटचे पैसे गेले. तसं नसतं. एकाच तिकिटावर काही कन्फर्म आणि काही वेटिंगमध्ये असतील, आणि कोणीच जाणार नसेल, तर कन्फर्मवाल्यांचंही भाडं प्रत्येकी 60 रुपये कापून परत मिळतं. अट एकच, गाडी सुटण्याच्या वेळेआधी अर्धा तास तरी हे व्हायला हवं. चार्ट लागल्यावर नेहमीचं रद्द करण्याचं बटण चालत नाही, `TDR` म्हणजे पैसे परत मागण्याचा ऑनलाइन अर्ज भरावा लागतो. कारणांच्या यादीतून 'अंशतः कन्फर्म, कोणीही प्रवास केला नाही' या अर्थाचं निवडायचं. मी संध्याकाळी स्वयंपाकघरात उभा राहून फोनवर भरला. 240 रुपये कापले गेले, बुकिंगचं वरचं शुल्क गेलं ते वेगळं, आणि बाकीचे यायला काही आठवडे लागले. तोपर्यंत बायको रोज विचारायची, "आले का?"

आता मी आई-बाबांचं तिकीट वेगळं काढतो, आणि ते लोअर बर्थ मिळेल अशा तारखेचंच.