बॅटरी बदलली आणि घड्याळाचे बारा वाजले : जी-शॉक डीडब्ल्यू-५६०० वापरल्यानंतर

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत मागांवर जॉबरचं, म्हणजे माग दुरुस्त करायचं काम करतो. पाचर ठोकायला हातोडी उचलली की या घड्याळाची स्क्रीन कोरी व्हायची आणि वेळ परत बारावर यायची. 'शॉक रेझिस्टंट' म्हणे! गेल्या महिन्यात लिहायला बसलो असतो तर नुसत्या शिव्याच लिहिल्या असत्या.

एक गोष्ट मात्र खटकत होती. आधी हेच घड्याळ शिडीवरून सिमेंटवर पडलं तरी सेकंदसुद्धा चुकलं नव्हतं. बिघाड सुरू झाला तो नव्या पेठेत बॅटरी बदलल्यावर. शिवाय दर तासाची टिकटिकही त्याच दिवशी बंद पडली.

ओळखीच्या जुन्या कारागिराने मागचे चार स्क्रू काढले आणि म्हणाला, "भाऊ, यातली रबराची गादी कुठाय?"

सगळी गोम तिथंच. पहिलं जी-शॉक १९८३ साली कॅसिओ कंपनीच्या किकुओ इबे यांनी आणलं. चेंडू आपटला तरी त्याच्या मधल्या भागाला धक्का लागत नाही, ही मूळ कल्पना. बाहेरचं बेझेल, म्हणजे काचेभोवतीची चौकट, काचेपेक्षा आणि बटणांपेक्षा उंच असतं, म्हणून मार आधी तेच खातं. आत मॉड्यूल, म्हणजे घड्याळाचं यंत्र, बाहेरच्या डबीला घट्ट चिकटवलेलं नसतं, मोजक्या ठिकाणीच टेकलेलं असतं. मागून त्याला धरून ठेवते ती काळी रबरी गादी. ती नसेल तर मॉड्यूल आत खुळखुळतं, हादऱ्याने बॅटरीचा संपर्क क्षणभर तुटतो आणि वेळ पुसली जाते. त्या गादीच्या भोकातून केसाएवढ्या तारेची स्प्रिंग मागच्या झाकणाला टेकते, आवाज तिच्यामुळे येतो. माझ्या घड्याळात दोन्ही गायब. पेठेतल्या पठ्ठ्याने पन्नास रुपयांत बॅटरी घातली आणि माझे सुटे भाग गल्ल्यावरच ठेवले!

भंगारातल्या तशाच घड्याळाची गादी आणि स्प्रिंग बसवली. आता मी मुद्दाम हातोडी आपटून बघतो, वेळ हलत नाही.

म्हणजे मार खायला घड्याळ पक्कं आहे. पण आपटणं वेगळं आणि दिवसभराचं थरथरणं वेगळं. काँक्रीट फोडायचा ब्रेकर चालवणाऱ्यांनी बेझेलचे बारीक स्क्रू अधूनमधून तपासावेत. पट्ट्याला मशीनचं तेल लागलं तर साबणाने लगेच धुवा, रॉकेलने पुसू नका, पट्टा खराब होतो. बॅटरी बदलताना समोर उभं राहा, गादी आत गेलेली डोळ्यांनी बघा, आणि झाकण लावल्यावर बटण दाबून आवाज येतो का ऐका. कडेची रबरी रिंगही नीट बसली पाहिजे, नाहीतर हात धुताना आत वाफ धरते.

आणि चालू मागावर, मशीनच्या पट्ट्याजवळ किंवा फिरत्या शाफ्टजवळ हात घालणार असाल तर घड्याळ काढून खिशात ठेवा. घड्याळाचा पट्टा चिवट आहे, अडकला तर तुटणार नाही, हातच ओढला जाईल. आमच्या मालकाला हे पटलं नाही, मी मात्र काढतो.