स्मार्ट कॅज्युअल: फॉर्मल उतरवायचं, स्पोर्ट्स चढवायचं की नवीन घ्यायचं?

कपाटाच्या एका कप्प्यात ऑफिसचे फॉर्मल, दुसऱ्यात ट्रॅकपॅन्ट आणि ड्रायफिट, मधे काहीच नाही. अशा पुरुषाला निमंत्रणाच्या तळाशी छापलेला 'स्मार्ट कॅज्युअल' हा शब्द चांगलाच छळतो. यजमानाचं म्हणणं मात्र साधं असतं. टाय-सूट घालून मीटिंगला आल्यासारखे येऊ नका आणि दूध आणायला निघाल्यासारखेही येऊ नका. पुण्या-मुंबईतल्या हॉटेलात किंवा जिमखान्यात याचा व्यवहारी अर्थ कॉलरचा शर्ट, पूर्ण लांबीची पॅन्ट आणि बंद बूट एवढाच होतो. दारावर कोणी अडवणार नाही, इथपर्यंत हे पुरतं. आत गेल्यावर अवघडल्यासारखं वाटू नये, यासाठी थोडं पुढे पाहावं लागतं.

खरा फरक कापडात असतो. फॉर्मल कापड गुळगुळीत, किंचित चकाकणारं आणि कडक इस्त्रीचं असतं. खेळाचं कापड ताणलं जाणारं, अंगाला चिकटणारं आणि बहुतेक वेळा पॉलिएस्टरचं असतं. स्मार्ट कॅज्युअलचे कपडे या दोन्हींच्या मधले. कापड सुती किंवा लिननचं, बोटाला वीण जाणवेल असं, चकाकी नसलेलं, पण शिवण नेटकी आणि माप अंगाबरोबर. दुकानात गोंधळ झालाच तर कापड उजेडात धरून बघा. चमकलं तर ते ऑफिसचं किंवा मैदानाचं.

फॉर्मल कपड्यांवर भागवायचं झालं तर

हा बिनखर्चाचा रस्ता आणि बहुतेकजण हाच धरतात. टाय काढायची, वरचं बटण सोडायचं, झालं. अडचण अशी की पांढरा शर्ट आणि काळी पॅन्ट हा हॉटेलातल्या वाढप्यांचा गणवेश आहे. बुफेपाशी हातात रिकामी प्लेट घेऊन उभे राहिलात तर कोणीतरी तुमच्याकडे पाणी मागेल. आकाशी शर्ट आणि नेव्ही ब्लू पॅन्टची जोडीही तशीच फसवी, कारण निम्म्या सोसायट्यांच्या गेटवर हाच पोशाख दिसतो. दोन्ही जोड्या ऑफिसात चालून जातात, कारण तिथे सगळेच तसे असतात. पार्टीत त्या उघड्या पडतात.

त्यातल्या त्यात उपयोगी वस्तू म्हणजे आकाशी किंवा बारीक रेघांचा शर्ट. बाह्या कोपराच्या जरा खालपर्यंत दुमडल्या की त्याचा ऑफिसी ताठा बराच कमी होतो. दुमडताना कफ जेवढा रुंद तेवढीच घडी, दोनदा किंवा तीनदा. गुंडाळी करून वर सरकवू नका, दंडावर फुगते.

शर्ट बाहेर सोडायचा का, हा पुढचा प्रश्न. फॉर्मल शर्ट इन करण्यासाठीच शिवलेला असतो. म्हणून त्याचा खालचा घेर पुढे-मागे लांब आणि बाजूंना वर चढलेला असतो. तो तसाच बाहेर सोडला की मागची जीभ लोंबते. शर्ट बाहेर सोडायचा असेल तर तो साधारण पॅन्टच्या झिपच्या मध्यापर्यंत यायला हवा. गल्लीतला शिंपी जुन्या शर्टचा घेर या मापावर कापून दुमडून देतो. पण तो शर्ट मग ऑफिसात इन केला की हात वर करताना बाहेर निघतो, म्हणून हा प्रयोग चांगल्या शर्टवर करू नये.

लग्नातल्या सुटाचा कोट वेगळा घालून ब्लेझर होतो का? बहुधा नाही. सुटाचं कापड बारीक आणि तुकतुकीत, खांदे भरलेले, बटणं कापडाच्याच रंगाची. खाली दुसरी पॅन्ट घातली की सुटाची पॅन्ट धुवायला गेली आहे, असंच दिसतं. शिवाय एकटा कोट सारखा वापरला आणि ड्रायक्लीन केला की त्याचा रंग पॅन्टपेक्षा आधी उतरतो आणि सूटही हातचा जातो. ब्लेझर म्हणून वापरायचा कोट खरखरीत विणीचा, मऊ खांद्यांचा हवा. आपल्या हवेत तो वर्षातून किती वेळा घालाल, याचा हिशेब दुकानात शिरण्याआधीच करा.

खेळाच्या कपड्यांवर भागवायचं झालं तर

हा रस्ता आरामाचा, पण जवळजवळ बंद. गंमत म्हणजे स्मार्ट कॅज्युअलमधल्या दोन हुकमी वस्तू मैदानावरूनच आल्या आहेत. कॉलरची टोकं बटणांनी शर्टाला जोडलेला बटण-डाउन शर्ट ब्रूक्स ब्रदर्स या अमेरिकी कंपनीने 1896च्या सुमारास विकायला काढला. इंग्लंडातले पोलो खेळाडू घोड्यावर कॉलर फडफडू नये म्हणून ती बटणांनी बांधत, त्यावरून तो सुचला. आपण ज्याला पोलो टी-शर्ट म्हणतो तो फ्रेंच टेनिसपटू रने लाकोस्तने 1930च्या दशकात बाजारात आणला.

म्हणजे कॉलरचा टी-शर्ट चालतो, पण जाळीदार सुती विणीचा. ड्रायफिटचा नाही. दोन्हींना कॉलर असली तरी ड्रायफिटची कॉलर काही धुण्यांनंतर कडांना वळते आणि त्याची चमक दिव्याखाली लपत नाही. छातीवर कंपनीचं किंवा मॅरेथॉनचं नाव असेल तर विषयच संपला. सुती पोलोतही कॉलर उभी राहते का बघा. लोळागोळा झाली असेल तर तो घरात घालायला ठेवा.

बुटांचं तसंच. पळायच्या बुटांची जाळी, फुगीर सोल आणि भडक पट्ट्या कशाही खाली दिसतात. पूर्ण पांढरे, चामड्याचे, पातळ सपाट सोलचे स्निकर्स मात्र चालतात आणि साध्या सुती पॅन्टखाली छानच दिसतात. अट एकच, ते खरोखर पांढरे हवेत. पिवळट लेस आणि मातकट सोल असेल तर यजमानाला ते जिमचेच वाटणार. ट्रॅकपॅन्ट आणि जॉगर्स कितीही महागाचे असोत, ते राहू द्या.

नवीन घ्यायचं तर

इथे दोन पर्याय समोर येतात, चिनोज आणि गडद जीन्स. चिनोज म्हणजे सुती ट्विलची, पुढे चुणी नसलेली पॅन्ट. गडद निळी जीन्स, न फाटलेली आणि मांडीवर पांढरट डाग न पाडलेली, मित्रांच्या पार्टीला किंवा रेस्टॉरंटमधल्या जेवणाला चिनोजइतकीच चालते. पण काही जुने क्लब जीन्सला नाक मुरडतात आणि मे महिन्यात मुंबईच्या दमट हवेत ती नकोशी होते. एकच पॅन्ट घ्यायची असेल तर माझं मत चिनोजला. तिच्यावर ऑफिसचा शर्टही जमतो आणि पोलोही.

| | फॉर्मल वापरून | स्पोर्ट्स वापरून | चिनोज आणि बिनलेसचे लोफर घेऊन |
|---|---|---|---|
| खर्च | शून्य | शून्य | साधारण 4 ते 6 हजार |
| कुठे चालेल | ऑफिसनंतर थेट जेवण | घरगुती गच्ची पार्टी, तीही स्वच्छ पांढऱ्या स्निकर्ससह | हॉटेल, जिमखाना, साखरपुड्यानंतरचं जेवण |
| कुठे फसेल | लॉन, रूफटॉप | जवळपास सगळीकडे | जिथे खरंच सूट हवा तिथे |

बूट की पॅन्ट आधी, हे ठरवायचं तर पॅन्ट आधी. पण रंग हातातल्या बुटांवरून निवडा. लेसचे चकचकीत काळे बूटच असतील तर मध्यम राखाडी चिनोज घ्या. बिस्किटी रंगाखाली काळे फॉर्मल बूट ठोकळ्यासारखे दिसतात. तपकिरी लोफर घेणार असाल तर बिस्किटी किंवा ऑलिव्ह घ्या, म्हणजे आकाशी शर्टाशी गेटवाल्या जोडीचा प्रश्नही उरत नाही.

उदाहरण घेऊ. चाकणच्या कारखान्यातला एक इंजिनियर. शनिवारी रात्री बाणेरच्या हॉटेलच्या गच्चीवर ग्राहक कंपनीने जेवण ठेवलंय आणि आज बुधवार आहे. कपाटात तीन फॉर्मल शर्ट, दोन टेरिकॉटच्या पॅन्ट, लग्नातला सूट, काळे बूट आणि जिमचं सामान. पांढरा शर्ट आणि कोट त्याने बाजूला ठेवावेत आणि आकाशी शर्ट काढावा. बुधवारी संध्याकाळी बिस्किटी चिनोज आणि तपकिरी लोफर आणावेत. पॅन्ट घालून बघताना तेच लोफर पायात हवेत, कारण लांबी त्यांच्यावरून ठरते. पॅन्ट बुटाच्या वरच्या कडेला नुसती टेकावी, घोट्यावर चुण्या पडू नयेत. दुकानातच खूण करून घ्यावी. आल्टर होऊन शुक्रवारपर्यंत मिळते.

लोफर गुरुवार-शुक्रवार घरातच अर्धा-अर्धा तास घालून फिरावं. नवीन लोफर टाचेला हमखास लागतात आणि गच्चीवरच्या पार्टीत बसायला खुर्च्या कमी असतात. मोजे आत लपणारे घ्यावेत, टाचेला सिलिकॉनची पट्टी असलेले, नाहीतर ते चालताना बुटात उतरतात. पट्टा साधा तपकिरी. फॉर्मलचा काळा चकचकीत पट्टा इथे वापरला की सगळं जमलेलं बिघडतं. शर्ट इन, बाह्या दोनदा दुमडलेल्या, वरचं एक बटण उघडं. दोन बटणं उघडली की आत बनियन डोकावतो. डिसेंबरची थंडी असेल तर वर बारीक विणीचा गोल गळ्याचा स्वेटर. जिमचं झिपवालं जॅकेट गाडीतच राहू द्यावं.

कुर्ता चालतो का, असंही बरेचजण विचारतात. यजमान मराठी घरातला असेल, निमित्त वाढदिवस किंवा लग्नाचा पंचविसावा असेल, तर सुती किंवा लिननचा एकरंगी, गुडघ्याच्या जरा वर संपणारा कुर्ता चिनोजवर उत्तम दिसतो आणि पोट सांभाळणाऱ्याला शर्टापेक्षा बरा. सिल्कचा, जरीच्या गळ्याचा कुर्ता मात्र लग्नघरासाठी ठेवा. कंपनीच्या जेवणाला कुर्ता घालण्याआधी बाकीच्यांपैकी एकाला फोन करून विचारलेलं बरं.

जागा जिमखाना किंवा जुना क्लब असेल तर यजमानाऐवजी थेट तिथल्या रिसेप्शनला विचारा. यजमान "काहीही चालेल रे" म्हणतो आणि दारावरचा माणूस गोल गळ्याचा टी-शर्ट किंवा सँडल बघून थांबवतो. काही ठिकाणी बटण-डाउन शर्ट चालतो पण स्निकर्स नाहीत, काही ठिकाणी उलट.

जून ते सप्टेंबरमधलं निमंत्रण असेल तर एक दुरुस्ती. सुएडचे लोफर अजिबात नकोत, पाण्याचा डाग त्यांच्यावरून सहज निघत नाही. गुळगुळीत चामड्याचे, रबरी सोलचे घ्या आणि पार्किंगपासून दारापर्यंत चपलेत जाऊन बूट तिथे चढवा. बिस्किटी चिनोजवर चिखलाचा एक शिंतोडाही दिसतो, म्हणून त्या चार महिन्यांत ऑलिव्ह रंग सोयीचा.