तपासणीला इन्स्पेक्टर कोणी बोलवायचा: फौंड्रीने की आपण?

शिरोलीच्या फौंड्रीतून कास्टिंग घेताना गाडी भरण्याआधी त्रयस्थ तपासणी ठेवायचं ठरलं, की लगेच प्रश्न येतो एजन्सी कोण नेमणार. मी दोन्ही पद्धतींनी माल उचलला आहे.

फौंड्रीने नेमली तर आपली धावपळ वाचते. तारीख पटकन मिळते आणि फी दरातच धरलेली असते. नेहमीच्या, छोट्या ऑर्डरला हे चालूनही जातं. माझं मन मात्र एकाच त्रासाने फिरलं: माल पुरा होण्याआधीच इन्स्पेक्टर बोलावला जायचा.

समजा १,२०० पंप केसिंगची ऑर्डर आहे. नमुना तपासणीच्या आयएस २५०० भाग १ या मानकाप्रमाणे, सर्वसाधारण पातळी २ धरली तर ८० नग काढून बघायचे. एक्यूएल, म्हणजे चालवून घ्यायची दोषांची पातळी, २.५ असेल तर पाच दोषी नगांपर्यंत लॉट पास, सहावा निघाला की नापास. पण फेटलिंग, म्हणजे कास्टिंगची साफसफाई, होऊन ५००च नग पडले असतील, तर ते ८० त्यातूनच निघणार. उरलेले ७०० पुढच्या हीटचे, म्हणजे नंतर वितळवलेल्या धातूचे, ते कोणी पाहिलेलेच नसतात. रिपोर्टवर मात्र लॉट १,२०० असाच येतो आणि त्यावर पैसे सुटतात. हे ओळखायचं तर रिपोर्टमधले हीट नंबर आलेल्या नगांवरच्या नंबरांशी ताडून बघावेत.

आपण नेमली तर फी आपल्या खिशातून जाते, तारीख आधीपासून सांगून ठेवावी लागते, आणि नव्या फौंड्रीला थोडा अविश्वासही वाटतो. तरी मला हीच पद्धत बरी वाटते, कारण अटी आपल्या पीओत बसतात. मी असं लिहितो: मटेरियल आयएस २१० एफजी २६०, दर हीटचा टेस्ट बार, मापं ड्रॉइंगप्रमाणे, नमुने वर सांगितल्याप्रमाणे. सगळे नग तयार आणि निदान ८० टक्के पॅक झाल्यावरच तपासणी. माल तयार नसला किंवा लॉट नापास झाला, तर फेरतपासणीचा खर्च फौंड्रीचा.

पैशांचं माझं गणित ३० टक्के आगाऊ, ६० टक्के पास रिपोर्ट थेट माझ्याकडे आल्यावर आणि १० टक्के मशिनिंगनंतर. पृष्ठभागाखालची ब्लोहोल नुसत्या नजरेच्या तपासणीत दिसत नाहीत, टूल लागल्यावरच उघडी पडतात. म्हणून हे शेवटचे दहा टक्के मागे ठेवतो.

फौंड्री सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेली असेल, तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्याने माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत सगळी रक्कम द्यावी लागते. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत कळवली नाही, तर मिळाल्याचा दिवस हाच स्वीकाराचा दिवस धरतात. त्यामुळे प्रत्येक हीटमधले काही नग त्या पंधरवड्यातच मशीनवर चढवावेत, असं मी सुचवेन.