पंचवीस हजारांच्या आतली बिलं

आमची शेतकरी उत्पादक कंपनी वाशिम जिल्ह्यातली, सोयाबीन आणि तुरीची. कामाला माणसं तीनच: मॅनेजर, हिशेबाची पोरगी आणि गोदामावरचा काका. मी संचालक. बँकेत पैसे सोडायला दोन माणसं लागतात, एकानं भरायचं, दुसऱ्यानं मंजूर करायचं. दुसरा मी होतो. म्हणून या गोष्टीतला निम्मा दोष माझा, तो आधीच सांगून टाकतो.

आमचा ठराव असा होता: पंचवीस हजारापर्यंतचं बिल मॅनेजरनं स्वतः मंजूर करायचं. त्याच्या वरचं दोन संचालकांनी माल बघून, सह्या करून. लाखाच्या वर गेलं तर बैठकीत. कागदावर झकास दिसतं. पण ही मर्यादा एका बिलाला होती, आणि एकाच दुकानदाराची दहा बिलं आली तर काय, हे आम्ही कुठंच लिहिलं नव्हतं.

सोयाबीनच्या सीझनमध्ये बारदाना लागतो. मॅनेजरनं एक नवा व्यापारी आणला, जुना बारदाना एक्केचाळीस रुपये नगानं. दर वावगा नव्हता, म्हणून कोणाला काही खटकलं नाही. बिल यायचं सहाशे नगांचं, २४,६०० रुपयांचं. दरवेळी तेवढंच. आता वाटतं, तो आकडाच ओरडून सांगत होता.

मी वावरात असायचो. फोन यायचा.

"भाऊ, ओटीपी आला असन, सांगा जी."

"कायचं हाय गा?"

"बारदान्याचं. बिल फाईलीत लावलं हाय."

मी आकडे सांगायचो आणि परत सोंगणीवाल्यांकडे वळायचो. माझ्या लॉगिनचा पासवर्डही ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरच ठेवलेला होता, रोज कोण तालुक्याला जाणार म्हणून. म्हणजे मॅनेजरच भरणारा, मॅनेजरच मंजूर करणारा, आणि मी नुसता सहा आकडे वाचून दाखवणारा.

पत्ता लागला तो दिवाळीनंतर, ऑडिटसाठी हिशेब जुळवताना, आणि लागला तो हिशेबाच्या पोरीमुळे. तिनं व्यापाऱ्याची सगळी बिलं एकाखाली एक लावली. चौदा बिलं, एकूण ३,४४,४०० रुपये. बिल नंबर १७ ते ३०, एकही मधला सुटलेला नाही. भरसीझनमध्ये दोन महिने त्या व्यापाऱ्याला आमच्याशिवाय दुसरं गिऱ्हाईकच नव्हतं म्हणायचं! दोनदा तर एकाच तारखेला दोन बिलं होती, म्हणजे एका मोठ्या बिलाचे दोन तुकडे.

मग नग मोजले. आम्ही सोयाबीन पन्नास किलोच्या भरतीनं भरतो, म्हणजे क्विंटलला दोन पोती. खरेदी झाली होती २,१४० क्विंटलची, तर लागला ४,२८० नग बारदाना. गोदामात शिल्लक सापडले ५००. बिलांवर मात्र ८,४०० नग. ३,६२० पोती आलीच नव्हती. एक्केचाळीसनं धरा, १,४८,४२० रुपये होतात.

मग पोती 'मिळाली' असं लिहून कोणी दिलं? मॅनेजरनं. मागणीचा कागद त्याचा, 'माल पोचला' ही सही त्याची, बिलावरची मंजुरी त्याची, आणि बँकेत त्या व्यापाऱ्याचं खातं जोडलं तेही त्यानंच. तीन कागद एकमेकांशी जुळतात की नाही ते आम्ही बघत होतो, आणि ते अगदी चोख जुळत होते. एकाच हातानं लिहिलेले कागद न जुळायला काय झालं! गोदामावरच्या काकाला कधी कोणी विचारलंच नव्हतं. तो म्हणाला, "मी त मोजलेच असते, पण मले कोणी चिठ्ठीच नाही देल्ली."

ते खातं मॅनेजरच्या साळ्याचं निघालं. तक्रार दिली आहे, काही पैसे परत आले, बाकीचं चालू आहे.

आता काका आवक वहीत स्वतः मोजून लिहितो, वहीतलं पान हिशेबाकडे जातं आणि ते पान नसेल तर बिल चढतच नाही. नवा व्यापारी जोडायचा असेल तर त्याच्या बँक पासबुकाची प्रत घेऊन, त्याला फोन करून अध्यक्ष जोडतात, मॅनेजर नाही. मर्यादा आता बिलाला नाही, एका व्यापाऱ्याच्या तीस दिवसांच्या एकूण बिलांना आहे. माझा पासवर्ड माझ्याकडेच, आणि बिलाचा आणि आवक पानाचा फोटो आल्याशिवाय मी मंजुरी देत नाही.

तीन माणसांत कामं वाटायची म्हणजे ओढाताण होतेच. काका आणि मॅनेजर एक झाले तर ही पद्धतही फसेल, म्हणून महिन्यातून एकदा दुसरा संचालक न सांगता जाऊन पोती मोजतो. परवा तुरीच्या बारदान्याचं बिल आलं, सहाशे नगांचं. काकाच्या पानावर ५८२ होते. बिल परत पाठवलं, व्यापारी दोन दिवस फुगून बसला, मग ५८२ नगांचं नवं बिल दिलं.