सात महिने गोल घड्याळ : 12000 मधला 1 कुठे गेला

हे गोल स्मार्टवॉच सात महिने वापरतोय, आधी चांगलं सांगून टाकतो म्हणजे नंतर मोकळेपणाने बोलता येईल. बॅटरी पाच दिवस सहज चालते, पट्टा अजून तसाच आहे, उन्हात सियागंज बाजाराच्या गर्दीत स्कूटरवर पण स्क्रीन दिसते, पावलं थोडी जास्तच मोजतं पण त्याची मला पर्वा नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे सांगतो तो घोळ मी दोन मित्रांच्या वेगवेगळ्या गोल घड्याळांत पण बघितला.

माझं काम लेबलचं. इंदूरात नमकीनवाले इतके आहेत की डब्यांच्या झाकणांवरचे गोल स्टिकर करण्यातच माझा अर्धा महिना जातो. म्हणजे गोल आकारात मजकूर बसवणे ही माझी रोजीरोटीच आहे, आणि तरी फसलो ते गोल आकारातच.

झालं असं, की तिसऱ्या महिन्यात एका सेठचा मेसेज आला, मी रस्त्यात होतो, मनगट वर केलं आणि वाचलं "2000 ढक्कन लेबल, रतलामी सेव, परसों तक". प्रेसवर पोरांना सांगितलं दोन हजार लावा. दोन दिवसांनी सेठ माल बघून म्हणाले, "भिया, दो हजार किसने बोला?" फोन काढला तर मेसेजमध्ये स्वच्छ 12000. बाकीचे दहा हजार रात्रभर बसून काढले, कागद संपला तो वेगळाच ताप.

आता यात मला खटकलं ते हे, की घड्याळावर काही कापलं गेलंय असं कुठेच दिसत नव्हतं. फोनवर मजकूर मावला नाही की शेवटी तीन टिंबं येतात, आपल्याला कळतं की पुढे अजून आहे. इथे टिंबं येत नाहीत, कारण घड्याळाच्या सॉफ्टवेअरच्या हिशोबाने सगळं मावलेलंच असतं. ते चौकोनावर लिहितं आणि चौकोनाचे चार कोपरे काचेवर मुळात नसतात. अर्धवट शब्द निदान डोळ्याला खुपतो, पण आकड्याचा पहिला अंक गेला तर जे उरतं तोसुद्धा एक धडधाकट आकडाच असतो.

मग रविवारी पोहे खाऊन बसलो, घड्याळाचा सरळ समोरून फोटो काढला आणि कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच्यावर गोल ठेवून मोजलं. स्क्रीन ४६६ बाय ४६६ पिक्सेल, म्हणजे त्रिज्या २३३. मजकूर सगळीकडे डाव्या कडेपासून २० पिक्सेल सोडून सुरू होतो, कड म्हणजे चौकोनाची. मेसेजची पहिली ओळ वरून ८४ पासून १२० पर्यंत. आता गोलाची खरी कड त्या उंचीवर कुठे आहे ते बघा : ८४ वर ती डावीकडून ५४ पिक्सेल आत आहे, १०० वर ४२, आणि १२० वर २९. अंकाची रुंदी साधारण १८, म्हणजे 1 बसलाय २० ते ३८ मध्ये, जवळजवळ पूर्णच काचेबाहेर. 2 चं फक्त डोकं जरासं सोललं गेलं, ते कोणाच्या लक्षात येणार. वीसचा समास गोलाच्या आत येतो तो थेट वरून १३९ पिक्सेलवर, त्याच्या वरच्या प्रत्येक ओळीत चोरी आहेच, आणि उजव्या टोकालाही तीच.

एकाच ओळीत वर ३४ पिक्सेल गेले आणि खाली फक्त ९, हे मराठी-हिंदीला जास्त महागात पडतं. स्क्रीनच्या वरच्या अर्ध्यात ओळीचं डोकं आधी कापलं जातं, आणि आपल्या लिपीत शिरोरेघ, मात्रा, अनुस्वार सगळा ऐवज डोक्यावरच. खालच्या अर्ध्यात उलटं, तिथे टोकाच्या अक्षरांचे उकार जातात. अक्षर मोठं केलं (मी चष्म्यामुळे केलं होतं) तर ओळी वाढतात आणि जास्त ओळी कडेला जाऊन बसतात.

माझा भाचा अँड्रॉइडचं काम करतो, त्याला दाखवलं तर हसला, म्हणाला मामा हे जुनं दुखणं आहे. वेअर ओएस या गूगलच्या घड्याळांच्या सिस्टिममध्ये यासाठी तयार सोय आहे, गोल स्क्रीनवर मजकूर गोलाच्या आत बसणाऱ्या मोठ्यात मोठ्या चौकोनात ठेवायची :

```xml
<androidx.wear.widget.BoxInsetLayout ...>
  <LinearLayout
      app:layout_boxedEdges="all" ... />
</androidx.wear.widget.BoxInsetLayout>
```

त्या चौकोनाची बाजू व्यासाच्या ०.७०७ पट, म्हणजे माझ्या घड्याळात ३३० पिक्सेल, चारी बाजूंनी ६८ सोडून. काहीही कापलं जात नाही, पण गोलाची ३६ टक्के जागा रिकामी पडते, मग गोल घेतलंच कशाला असं वाटायला लागतं. आणि माझ्या घड्याळात वेअर ओएस नाहीच, कंपनीचं स्वतःचं काहीतरी आहे, तिथे ही सोय कोणी लिहिली तरच.

भाच्याच्या मते मेसेजसारख्या लांब मजकुराला दुसरा उपाय बरा : समास थोडा वाढवायचा आणि पहिल्या ओळीच्या वर इतकी रिकामी जागा द्यायची की बोटाने ओढून ती ओळ स्क्रीनच्या मधोमध आणता येईल, कारण मधोमध पूर्ण ४६६ ची रुंदी मिळते. माझ्या घड्याळात नेमकं हेच नाही. खालच्या ओळी वर सरकतात, पहिली मात्र वरच अडकलेली, किती ओढा, खाली येत नाही. आणि माणूस वाचतो पहिलीच ओळ.

झाकणाच्या लेबलवर मी काय करतो सांगू का? लेबल गोल कापणारी डाय एक-दोन मिलिमीटर सरकतेच, म्हणून कडेपासून तीन मिलिमीटरच्या आत काही ठेवत नाही, आणि वरच्या भागात छोटा शब्द, मधे लांब नाव, खाली परत छोटं. वरच्या एक-दोन छोट्या ओळी मध्यावर घ्यायच्या, पण अख्खा परिच्छेद मध्यावर घेऊ नये, प्रत्येक ओळीची सुरुवात शोधत डोळा भटकतो. कडेने वळवून लिहिणं इंग्रजीला शोभतं, आपल्याला अवघड. वरच्या कमानीत अक्षरांची डोकी फाकतात आणि शिरोरेघेचे तुकडे पडतात, खालच्या कमानीत तीच डोकी एकमेकांवर चढतात. मी रेघ नंतर हाताने जोडतो, घड्याळ कुठलं जोडणार.

पाचव्या महिन्यात अपडेट आलं, समास २० चा ४० झाला. मोजलं तर पहिल्या ओळीचं वरचं टोक अजून १४ पिक्सेल कापलं जातंच, पण 1 निदान अर्धा दिसतो.

घ्यायला जाल तर दुकानात एवढं करा : दुकानदाराला आपला फोन जोडून द्यायला सांगा आणि दुसऱ्या फोनवरून स्वतःला 1234567890 हे लागोपाठ सात-आठ वेळा, मधे जागा न सोडता पाठवा. ओळ तुटते तिथे दोन्ही टोकं जुळवून बघा, एखादी ओळ 5 वर संपून पुढची 8 ने सुरू झाली तर मधले दोन काचेबाहेर गेले. अक्षर सगळ्यात मोठं करून परत बघा. घड्याळावरच्या तयार डिझाइनच्या तबकड्या बघून काही कळत नाही, त्या गोलासाठीच काढलेल्या असतात.

मी अक्षर एक पायरी लहान केलं, चष्मा लावतो, आणि ऑर्डर मनगटावर वाचत नाही. सेठना म्हटलं आकडा शब्दानंतर लिहीत जा, "लेबल 12000" असं. ते म्हणाले भिया लिहायची भानगडच नको, आता व्हॉइस नोट पाठवतात, ती घड्याळावर वाजत नाही.