टक्के की कल? पाच वर्षांचे हिशेब समोर असताना मी आधी काय मांडतो

एखाद्या धंद्याची पाच-सहा वर्षांची नफा-तोटा पत्रकं टेबलावर पडली आहेत, हातात एकच संध्याकाळ आहे आणि कॉमन-साइज मांडायचं की ट्रेंड, हे ठरत नाहीये, अशा माणसासाठी हे लिहितोय. म्हापशाच्या एका लहान पतसंस्थेच्या कर्ज समितीवर मी बरीच वर्षं आहे. त्याआधी डिचोलीत दुकानदारांच्या वह्या लिहायचो. दोन्ही पद्धती वापरून झाल्या आहेत. एक जरा जास्त आवडते, ते वाचताना कळेलच.

व्याख्या तुम्हाला ठाऊक आहेत, तरी फरक एका चिन्हात दाखवतो. शीटमध्ये चौथ्या ओळीत विक्री आहे, नवव्या ओळीत पगार आणि B स्तंभात पहिलं वर्ष.

```
=C9/C$4
=C9/$B9*100
```

पहिल्या सूत्रात डॉलर विक्रीच्या ओळीला खिळलाय, म्हणून प्रत्येक वर्षाचा पगार त्याच वर्षाच्या विक्रीशी मोजला जातो. हे कॉमन-साइज. दुसऱ्यात डॉलर पहिल्या वर्षाला खिळलाय, म्हणून पगार स्वतःच्याच जुन्या आकड्याशी मोजला जातो. हा ट्रेंड : पहिलं वर्ष म्हणजे पाया, तो १०० धरायचा, आणि निघालेला आकडा म्हणजे निर्देशांक. खाली ओढताना डॉलर चुकीच्या जागी राहिला, तर एक्सेल तक्रार करत नाही. उत्तर येतं, टक्केही दिसतात, फक्त ते कशाचेच नसतात. म्हणून कॉमन-साइज मांडलं की खर्च आणि नफा यांची बेरीज १०० येते का, हे मी पहिलं बघतो. ट्रेंडमध्ये अशी आपोआप होणारी झडती नाही. हा त्यातला लहान तोटा.

मोठा तोटा एका अर्जाच्या वेळी नीट कळला. हणजूणच्या बाजूचं एक गेस्ट हाउस, खाली रेस्टॉरंट. मुलगा तिशीतला, बापाकडून धंदा हातात आलेला, वरच्या मजल्यावर खोल्या वाढवायला कर्ज हवं होतं. आकडे इथे बदलून आणि गोल करून देतोय. त्याने रंगीत आलेख आणला होता : विक्रीचा निर्देशांक १०० वरून ३६७. समितीतले दोघे लगेच खूश.

"बेस कुठला धरलास रे?" मी विचारलं.

"दोन हजार वीस-एकवीस, काका. सीएनेच तसं करून दिलंय."

त्या वर्षी गोव्यातल्या गेस्ट हाउसची विक्री काय असणार, हे सांगायला नको. याची ३० लाख होती. २०२३-२४ ला ११० लाख झाली, म्हणून ३६७. आकडा खरा आहे आणि काहीच सांगत नाही. त्याच कागदावर नफ्याच्या ओळीत −१३२ छापलं होतं. २०२०-२१ ला ५ लाखांचा तोटा होता, २०२३-२४ ला ६.६ लाखांचा नफा. नफ्याला तोट्याने भागलं की असंच काहीतरी निघतं. पायाभूत वर्षी तोटा असेल, तर त्या ओळीचा निर्देशांक काढायचाच नसतो. पण शीटला ते कोण सांगणार.

माझं मन फिरलं ते याच कटकटीने. मग पाया कुठलं वर्ष धरायचं? पुस्तक सांगतं, 'सर्वसाधारण वर्ष' घ्या. गोव्यात ते शोधून दाखवा. २०१२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात खाणी थांबल्या, तर ट्रक, टायर, गॅरेज, बार्ज या सगळ्यांचा पाया गेला. २०१६ च्या नोव्हेंबरात नोटबंदी, ऐन हंगामाच्या तोंडावर. १ एप्रिल २०१७ पासून महामार्गालगतची दारूविक्री बंद, त्यात कितीतरी बार अडकले. तीन महिन्यांत जीएसटी. २०१८ च्या मार्चात खाणी पुन्हा बंद. मग २०२० चा मार्च. रेस्टॉरंटवाल्याला २०१८-१९ बऱ्यापैकी साधं वाटेल, तेच वर्ष कुडचड्याच्या ट्रकमालकाला दुष्काळाचं. प्रत्येक अर्जावर समितीत अर्धा तास पाया कुठला यावरच जायचा, आणि अर्जदार अर्थातच आपल्या सोयीचा खड्डा निवडून यायचा. कॉमन-साइजमध्ये हा वादच नाही. प्रत्येक वर्ष स्वतःचा पाया स्वतः घेऊन येतं.

त्याच मुलाचे आकडे २०१८-१९ पासून पुन्हा मांडले. मोजक्या ओळी देतो, रकमा लाखांत.

| | २०१८-१९ | २०२३-२४ | विक्रीशी टक्के | निर्देशांक |
|---|---|---|---|---|
| विक्री | ८० | ११० | १०० → १०० | १३८ |
| माल | ३०.४ | ३७.४ | ३८ → ३४ | १२३ |
| पगार | १६ | २४.२ | २० → २२ | १५१ |
| बुकिंग साइटचं कमिशन | १.६ | ९.९ | २ → ९ | ६१९ |
| नफा | ८ | ६.६ | १० → ६ | ८३ |

विक्री सव्वापटीहून जास्त, नफा मात्र रुपयांतही कमी. मासळी महागली, बाजारात हात लावायची सोय नाही, असं तो सांगत होता. पण मालाचा वाटा उलट चार टक्क्यांनी उतरलाय. धंदा खात होतं ते कमिशन.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर ट्रेंडलाही ते दिसलंच असतं. ६१९ कुणाच्या नजरेतून सुटेल? दोन्ही स्तंभ मुळात एकाच गणिताची दोन तोंडं आहेत. कमिशनचा निर्देशांक ६१९ भागिले विक्रीचा १३८, उत्तर साधारण साडेचार. वाट्याच्या बाजूने नऊ भागिले दोन, तेच साडेचार. म्हणजे निर्देशांक वाचताना तो विक्रीच्या निर्देशांकाशी मनात भागावा लागतो. कॉमन-साइजने ते भागून ठेवलेलं असतं. शिवाय ६१९ वाचून ते प्रकरण धंद्याच्या मानाने केवढं मोठं आहे हे कळत नाही. फिनेलचा खर्च पाच हजारांवरून तीस हजारांवर गेला तर त्याचा निर्देशांक ६०० येईल, आणि त्यावर समितीने चहा थंड करण्यात अर्थ नाही. '२ वरून ९' या दोन आकड्यांत वाढही आहे आणि वजनही.

पण इथे मी स्वतः घाई केली. कमिशनचा वाटा साडेचारपट, असं लिहून मोकळा होणार होतो. मग सहज जुन्या वर्षाचं बँक स्टेटमेंट मागवलं आणि एक बुकिंग पकडलं. खोलीचं भाडं ४००० रुपये, साइटने ७२० कापून घेतले, खात्यात ३२८०. जुन्या हिशेबनीसाने वहीत विक्री म्हणून ३२८० च लिहिले होते. त्या कमिशनचा कुठे पत्ताच नाही. नव्या सीएने ४००० विक्री आणि ७२० खर्च अशी रीतसर नोंद सुरू केली. वर्षभराची अशी कापलेली रक्कम सुमारे २ लाख निघाली. मग २०१८-१९ ची खरी विक्री ८२ लाख, कमिशन ३.६ लाख, म्हणजे ४.४ टक्के. नफा ८ लाखच, टक्का १० वरून ९.८. कमिशनचा वाटा वाढला होताच, पण साडेचारपट नाही, दुपटीहून थोडं जास्त. बाकीची वाढ वही लिहायच्या पद्धतीतली होती.

हा दोष दोन्ही पद्धतींचा, म्हणून तराजूत धरत नाही. तरी टक्के वर्षावर्षांत ताडायच्या आधी विक्रीचा आकडा सगळ्या वर्षी एकाच व्याख्येचा आहे ना, हे बघाच. एका वर्षी विक्रीत कर मिसळलेला आणि पुढच्या वर्षी वेगळा काढलेला असेल, तर वरचा आकडा बदलताच खालचे सगळे टक्के हलतात आणि आपण उगाच कारणं शोधत बसतो. ओळखायची खूण म्हणजे सगळे खर्च एकाच वर्षी, एकाच दिशेला, जवळपास सारख्या प्रमाणात सरकलेले दिसतात. खऱ्या धंद्यात असं क्वचित होतं.

कॉमन-साइजचा स्वतःचा दोषही सांगायला हवा. याच गेस्ट हाउसचं २०२०-२१ बघा. पगार ३५ टक्के. वाचणाऱ्याला वाटेल, मालकाने पगार उधळले. प्रत्यक्षात पगार १६ लाखांवरून साडेदहावर आणला होता, माणसं गावी पाठवली होती. विक्रीच कोसळली म्हणून वाटा फुगला. तेव्हा टक्क्याच्या शेजारी रुपयांचा स्तंभ ठेवायचाच, तो लपवायचा नाही.

आणि एक प्रसंग असा, जिथे माझी आवडती पद्धत साफ आंधळी ठरली. डिचोलीत एका टायरच्या दुकानाच्या वह्या माझ्याकडे होत्या. खाणी बंद झाल्यावर मालक शहाणा निघाला : लगेच अर्धा गाळा सोडला, दोन पोरं कमी केली, मालही तेवढाच भरायला लागला. दोन वर्षांत विक्री ६० लाखांची ३६ लाख झाली. पण माल, पगार, भाडं, नफा, सगळ्यांचे वाटे जवळपास जिथल्या तिथे. नुसते टक्के बघणाऱ्याला ते दुकान धडधाकट वाटलं असतं. विक्रीचा निर्देशांक ६० दाखवत होता, आणि दुपारी दुकानात गेलात तरी तेच दिसायचं. धंदा आकसतोय की वाढतोय हा प्रश्न असेल, तर ट्रेंडला पर्याय नाही, हे मान्यच.

ताळेबंदाचंही तसंच. तिथे एकूण मालमत्ता १०० धरतो, पण लहान धंद्याच्या ताळेबंदात घरची जागा आणि दुकान इतकं मिसळलेलं असतं की त्या टक्क्यांवर मी फारसा विसंबत नाही.

तेव्हा आता माझी रीत अशी. विक्रीच्या एका ओळीपुरता ट्रेंड काढतो, तोही पहिल्या वर्षाशी आणि मागच्या वर्षाशी असा दोनदा, म्हणजे पाया कुठला यावर भांडण नको. बाकी सगळं पत्रक कॉमन-साइजमध्ये. तुमच्याकडे एकाच धंद्याची दहा वर्षं असतील आणि मध्ये फारशी उलथापालथ नसेल, तर कदाचित ट्रेंड तुम्हाला जास्त सोयीचा पडेल. इकडच्या धंद्यांत मला तसं फार कमी वेळा पडलंय. दोन वेगवेगळ्या आकाराचे अर्जदार शेजारी ठेवायचे असतील तर मात्र प्रश्नच नाही. ३० लाखांचा बार आणि ३ कोटींचं हॉटेल निर्देशांकावर ताडता येतील, पण एकाचा पगार दुसऱ्यापेक्षा भारी पडतोय का, हे वाट्यावरच कळेल.

त्या मुलाला मागितलं त्याच्या निम्मं कर्ज दिलं. साइटवरची बुकिंगं आणि थेट फोनवरची बुकिंगं वहीत वेगळी लिहायची, अशी अट घातली. पुढच्या एप्रिलमध्ये तो कागद घेऊन आला, तेव्हा कमिशन ९ वरून ७ टक्क्यांवर आलं होतं आणि शेजारी 'थेट बुकिंग' असा नवा स्तंभ होता. आलेख या वेळीही रंगीतच होता. फक्त खाली पेन्सिलीने बारीक लिहिलं होतं : पाया, प्रत्येक वर्षाची आपली विक्री.